न झालेल्या सामन्याची किंमत

गणितातली काही विधानं पुन्हापुन्हा वाचावीशी वाटतात. त्यातलं माझं एक आवडतं असं: प्रत्येक संघाने प्रत्यक्षात जितके विजय मिळवले, तितकेच विजय त्याच्याकडून अपेक्षित असले पाहिजेत, आणि हे सगळ्या संघांच्या बाबतीत एकाच वेळी खरं असलं पाहिजे. एवढंच. पहिल्या वाचनात यात काही सांगितलंय असंही वाटत नाही. पण जिथे सगळे सगळ्यांशी खेळलेलेच नाहीत अशा स्पर्धेत संघांची क्रमवारी लावायची वेळ आली की याच ओळीतून सगळी क्रमवारी उलगडत जाते.

ओळीचं मूळ जुनं आहे. अर्न्स्ट झर्मेलो हे नाव संचसिद्धान्त शिकलेल्यांना ठाऊक असतं. या जर्मन गणितज्ञाने १९२९ साली बुद्धिबळाच्या स्पर्धांवर एक निबंध लिहिला. त्याचा प्रश्न असा होता की सर्वांचे सर्वांशी डाव झाले नसतील, तर खेळाडूंचं बळ कसं मोजायचं? १९५२ मध्ये राल्फ ब्रॅडली आणि मिल्टन टेरी यांनी तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली. आज ती ब्रॅडली-टेरी मॉडेल म्हणून ओळखली जाते. नामकरणाच्या शर्यतीत झर्मेलो हरला असं म्हणू.

रसग्रहणासाठी मी बुद्धिबळाऐवजी कसोटी क्रिकेट घेतो, कारण आपल्याला त्याचे निकाल तोंडपाठ असतात. २०२३ ते २०२५ या काळातलं जागतिक कसोटी अजिंक्यपद. संघ नऊ, पण प्रत्येक संघ आठपैकी सहाच प्रतिस्पर्ध्यांशी मालिका खेळतो. त्या मालिकाही सारख्या लांबीच्या नाहीत, कुठे दोन कसोटी तर कुठे पाच. साखळीत एकूण ६९ सामने झाले. इंग्लंडच्या वाट्याला २२ आले, दक्षिण आफ्रिका आणि बांगलादेशाच्या वाट्याला प्रत्येकी १२. विजयाला १२ गुण, अनिर्णित सामन्याला ४, आणि शेवटी मिळू शकणाऱ्या गुणांपैकी किती टक्के मिळवले त्यावर क्रम. दक्षिण आफ्रिका ६९.४४ टक्क्यांनी पहिली आली, ऑस्ट्रेलिया ६७.५४ टक्क्यांनी दुसरी. भारत बरोबर ५० टक्क्यांवर तिसरा. त्यावर बरीच कुरबुर झाली, कारण आफ्रिकेच्या सहा प्रतिस्पर्ध्यांत ऑस्ट्रेलियाही नव्हता आणि इंग्लंडही. सोपं वेळापत्रक मिळालं म्हणून पुढे गेले, हा आक्षेप. तो कितपत खरा, हे आकड्यात सांगता येतं का?

मॉडेलची मांडणी साधी आहे. प्रत्येक संघाला ‘बळ’ म्हणून एक धन संख्या द्यायची. दोन संघ भिडले की पहिला जिंकण्याची शक्यता म्हणजे त्याचं बळ भागिले दोघांच्या बळांची बेरीज. बळं १०० आणि ५० असतील तर पहिला तीनपैकी दोनदा जिंकेल. यातलं मर्म गुणोत्तरात आहे. पहिला दुसऱ्याच्या दुप्पट आणि दुसरा तिसऱ्याच्या तिप्पट असेल, तर पहिला तिसऱ्याच्या सहापट, मग ते दोघे कधी समोरासमोर येवोत वा न येवोत. न झालेला सामना मोजायची मुभा या गुणाकारातून मिळते. अर्थात ते गृहीतक आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. एखाद्या संघाला ठरावीक प्रतिस्पर्धीच जड जातो, अशा गोष्टींना या मांडणीत जागा नाही.

आता बळं ठरवायची कशी? इथे ती ओळ येते. समजा बळं कुणीतरी सुचवली. मग वेळापत्रक हातात घेऊन प्रत्येक संघाचे अपेक्षित विजय काढता येतात: अमक्याशी दोन सामने, जिंकण्याची शक्यता इतकी, म्हणून त्या मालिकेतून इतके. अशा सगळ्या मालिकांची बेरीज प्रत्यक्ष विजयांशी जुळली पाहिजे. अपेक्षा कमी पडली तर बळ वाढवा, जास्त झाली तर घटवा. एका संघाचं बळ हललं की त्याच्याशी खेळलेल्या सगळ्यांच्या बेरजा हलतात, म्हणून नऊही ताळे एकदम जुळेपर्यंत हे चालू ठेवायचं. नऊही जुळले की जी बळं हाती येतात, त्यांच्याहून या निकालांची शक्यता अधिक करणारी दुसरी बळं नसतात. म्हणजे संख्याशास्त्रात ज्याला महत्तम संभाव्यता म्हणतात, तीच ही अवस्था.

मी हा हिशेब या ६९ सामन्यांवर केला. अनिर्णित सामने चारच होते, ते दोन्ही संघांना अर्धा-अर्धा विजय असे वाटून दिले. (हा एक संकेत आहे, बरोबरीसाठी वेगळी राशी घेणारी मॉडेलं १९६७ आणि १९७० मध्ये आली, पण चार सामन्यांसाठी तो खटाटोप नको.) ऑस्ट्रेलियाचं बळ १०० धरलं तर दक्षिण आफ्रिका ६५ येते, भारत ५२, इंग्लंड ४४, न्यूझीलंड ४३. त्यानंतर मोठी दरी, मग श्रीलंका २४, पाकिस्तान २०, वेस्ट इंडीज १७ आणि बांगलादेश १५-१६.

पहिल्या दोघांची अदलाबदल झाली, तेव्हा आधी एक गोष्ट प्रामाणिकपणे बाजूला काढायला हवी. ऑस्ट्रेलियाचे १० गुण षटकांच्या संथ गतीसाठी कापले गेले होते. ते कापले नसते तर अधिकृत तक्त्यातही ऑस्ट्रेलिया सुमारे ७१.९ टक्क्यांवर, म्हणजे आफ्रिकेच्या वरच असती. मॉडेल फक्त निकाल बघतं, दंड बघत नाही. त्यामुळे अदलाबदलीचं श्रेय त्याला देऊन चालणार नाही. त्याचं खरं काम अंतरात दिसतं. अर्धे-अर्धे धरून ऑस्ट्रेलियाचे १९ सामन्यांत १४ विजय, आफ्रिकेचे १२ सामन्यांत साडेआठ. प्रतिस्पर्धी कोण होते याकडे डोळेझाक केली आणि नुसतं जय-पराजयाचं गुणोत्तर घेतलं, तर ऑस्ट्रेलियाच्या १०० ला आफ्रिका ८७ येते. मॉडेलने ते ६५ वर आणलं. ८७ आणि ६५ यांमधलं अंतर म्हणजे त्या कुरबुरीची किंमत.

हे अंतर कुठून आलं तेही बघता येतं. दोघांचे पाच प्रतिस्पर्धी समान होते: भारत, न्यूझीलंड, वेस्ट इंडीज, श्रीलंका, पाकिस्तान. त्यांच्याविरुद्ध ऑस्ट्रेलियाने १४ सामन्यांत साडेअकरा मिळवले, आफ्रिकेने १० सामन्यांत साडेसहा. उरला सहावा प्रतिस्पर्धी. आफ्रिकेला बांगलादेश मिळाला आणि दोन्ही सामने जिंकता आले. ऑस्ट्रेलियाला पाच सामन्यांची अ‍ॅशेस मिळाली आणि अडीचच हाती लागले. टक्केवारीत बांगलादेशावरचे ते दोन विजय आफ्रिकेला वर उचलतात आणि अ‍ॅशेस ऑस्ट्रेलियाला खाली ओढते. मॉडेलमध्ये मात्र बांगलादेशाविरुद्ध १.६ विजय आधीच अपेक्षित असतात, त्यामुळे दोन मिळाले तरी आफ्रिकेच्या पदरात फारसं नवं काही पडत नाही.

बळं एका फटक्यात मिळत नाहीत, आणि ती मिळवण्याची झर्मेलोची रीतही तितकीच वाचनीय आहे. प्रत्येक संघासाठी एक छेद तयार करायचा: प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी झालेले सामने भागिले दोघांच्या बळांची बेरीज, आणि या सगळ्यांची एकूण बेरीज. विजयांना या छेदाने भागलं की नवं बळ. सुरुवातीला सगळ्यांचं बळ १ धरू. आफ्रिकेचे साडेआठ भागिले ६ म्हणजे १.४२, ऑस्ट्रेलियाचे १४ भागिले साडेनऊ म्हणजे १.४७. पहिल्या फेरीअखेर दोघे जवळपास बरोबरीत आहेत, १०० ला ९६. कारण प्रतिस्पर्धी कच्चे की पक्के हे अजून कुणालाच माहीत नाही. दुसऱ्या फेरीत बांगलादेश ०.६७ आणि भारत १.०५ आहे एवढं कळलेलं असतं. आफ्रिका १.५६ होते, ऑस्ट्रेलिया १.७५, आणि गुणोत्तर ८९ वर येतं. तिसऱ्या फेरीत प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची बातमी पोचते. असं एकेक पाऊल दूरचं कळत जातं आणि आकडा ६५ वर येऊन स्थिरावतो.

आता मूळ ओळीकडे परत, कारण तिच्यात दोन गोष्टी दडल्या आहेत आणि त्या पहिल्या वाचनात सुटतात.

पहिली अशी की सगळे सगळ्यांशी सारखेच सामने खेळले, तर या मॉडेलचा क्रम आणि साध्या गुणतालिकेचा क्रम एकच येतो. झर्मेलोने १९२४ च्या न्यूयॉर्क स्पर्धेचे आकडे घेतले होते. तिथे अकरा खेळाडू एकमेकांशी दोन-दोन डाव खेळले, २० पैकी १६ गुण घेऊन इमॅन्युएल लास्कर पहिला आला, आणि मॉडेलनेही त्यालाच पहिला ठेवलं. वेळापत्रक समतोल असेल तर बेरजेने सांगितलेला क्रम हे मॉडेल बदलत नाही. वाकडं असेल तेव्हाच बोलतं. हा त्याचा संयम मला फार आवडतो. क्रमवारीच्या अनेक सूत्रांना तो जमत नाही. काही सूत्रांत तर दुबळ्या संघाला हरवल्याबद्दल खाली घसरण्याची नामुष्की येते, कारण त्याच्याशी खेळल्यामुळे प्रतिस्पर्ध्यांची सरासरी बिघडते. इथे, बाकीचे निकाल तेच असताना, जिंकल्याने कुणाचं बळ कमी होत नाही.

दुसरी गोष्ट पचायला जड आहे. समीकरणाच्या डाव्या बाजूला फक्त विजयांची संख्या आहे. कुणाला हरवलं हे तिथे लिहिलेलंच नाही. जानेवारी २०२४ मध्ये वेस्ट इंडीजने ब्रिस्बेनच्या गॅबावर ऑस्ट्रेलियाला आठ धावांनी हरवलं, शमार जोसेफने सात बळी घेतले. त्या विजयाला समीकरणात किती गुण? एक. पुढे त्याच वर्षी बांगलादेशावर मिळवलेल्या विजयालाही एकच. रसिकाला हे अन्यायाचं वाटेल. पण बक्षीस दुसरीकडून दिलेलं असतं: ऑस्ट्रेलियाशी दोन सामने खेळायचे आहेत म्हटल्यावर वेस्ट इंडीजकडून त्या मालिकेत ०.२९ विजयच अपेक्षित धरलेले असतात. कठीण वेळापत्रकाची भरपाई सामना ठरतो तेव्हाच झालेली असते, निकाल लागल्यावर पुन्हा शाबासकी नाही. गॅबावर हरून वेस्ट इंडीजने त्याऐवजी बांगलादेशाला दोन्हीदा हरवलं असतं, तरी त्यांची डावी बाजू तशीच राहिली असती. बदलल्या असत्या त्या ऑस्ट्रेलिया आणि बांगलादेशाच्या.

म्हणून मॉडेलचा खरा आस्वाद बेरजेत मिळत नाही, तो बेरजेच्या आतल्या खान्यांत मिळतो. आफ्रिकेची ओळ वाचू. भारताविरुद्ध १.११ विजय अपेक्षित होते, न्यूझीलंडविरुद्ध १.२०, वेस्ट इंडीजविरुद्ध १.५९, बांगलादेशाविरुद्ध १.६१, श्रीलंकेविरुद्ध १.४६, पाकिस्तानविरुद्ध १.५३. एकूण साडेआठ. प्रत्यक्षात त्याच क्रमाने १, ०, दीड, २, २, २. एकूण साडेआठ. बेरीज जुळली, ती जुळणारच होती, तशी ती जुळवलेलीच आहे. पण दुसरा खाना बघा. १.२० अपेक्षित आणि हाती शून्य. बाकीचे खाने अपेक्षेच्या थोडेथोडे वर-खाली आहेत आणि हा एक खड्डा आहे.

त्या खड्ड्याला कारण आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकेची स्वतःची टी-ट्वेंटी लीग चालू होती आणि न्यूझीलंडला जवळपास दुय्यम संघ पाठवला गेला. कर्णधार नील ब्रँड याचीही ती पहिलीच कसोटी होती. हा संघ आणि वर्षअखेरीस श्रीलंका-पाकिस्तानला हरवणारा संघ यांना मॉडेल एकाच नावाने ओळखतं आणि एकच बळ देतं. न्यूझीलंडच्या खात्यातही मग ६५ बळाच्या संघावरचे दोन विजय जमा होतात. दोन वर्षं बळ स्थिर आहे हे गृहीतक इथे फाटतं, आणि ते फाटलंय हे खान्यांवरूनच कळतं. मात्र बारा सामन्यांच्या ओळीत एखादा खड्डा निव्वळ योगायोगानेही पडतो. इथे कारण मला वर्तमानपत्रातून माहीत आहे म्हणून मी ते इतक्या ठामपणे सांगतो.

घरचं मैदानही या साध्या रूपात नाही. यजमानाचं बळ एका ठरावीक पटीने वाढवणारी राशी घालता येते, आणि इथे ती घालायला हवी होती, कारण कुणाशी खेळलात याइतकंच कुठे खेळलात हेही वेळापत्रकात असमान वाटलेलं असतं. मी ती घातली नाही. ६९ सामन्यांतून आणखी एक आकडा पिळून काढण्याआधी, आहेत त्या आकड्यांची खात्री किती हे बघू.

खात्री आहे की नाही यापेक्षा आधीचा प्रश्न असतो की उत्तर निघतं की नाही. जुलै २०२३ अखेरची स्थिती आठवा. अ‍ॅशेस झाली होती, भारत वेस्ट इंडीजमध्ये खेळला होता, पाकिस्तानने श्रीलंकेत २-० असा विजय मिळवला होता. तीन मालिका, सहा संघ, आणि एकही संघ दोन मालिकांत नाही. अधिकृत तक्त्यात पाकिस्तान १०० टक्के घेऊन पहिला होता. (पुढे तोच २७.९८ टक्के घेऊन शेवटचा आला.) मॉडेलला त्या दिवशी विचारलं असतं तर उत्तर आलंच नसतं. तीन बेटं आहेत, एका बेटावरचं बळ दुसऱ्यावर मोजायला पूल नाही. शिवाय पाकिस्तानने एकही सामना गमावला नव्हता, म्हणजे श्रीलंकेच्या तुलनेत त्याचं बळ कितीही वाढवलं तरी ताळा जुळत नाही, ते अनंताकडे पळत सुटतं. उत्तर निघण्याची नेमकी अट अशी: संघांचे कसेही दोन गट पाडा, पहिल्यातल्या कुणीतरी दुसऱ्यातल्या कुणाकडून तरी किमान अर्धा गुण घेतलेला असला पाहिजे, आणि उलटही. झर्मेलोने ही अट ओळखली होती. लेस्टर फोर्ड यांनी १९५७ मध्ये ती पुन्हा मांडली. स्पर्धा संपली तेव्हा ऑस्ट्रेलियाला एका गटात एकटं टाकलं, तर बाकीच्यांशी बांधणारे पराभव फक्त चार होते: इंग्लंडकडून दोन, भारताकडून पर्थला एक आणि गॅबाचा तो एक. अनिर्णित दोन. यांच्याविना ऑस्ट्रेलियाचं बळ अनंत झालं असतं.

अट पूर्ण झाली तरी खात्री येते असं नाही. ऑस्ट्रेलिया आणि आफ्रिका यांच्या बळांच्या लॉगॅरिदममधला फरक ०.४४ येतो. त्या फरकाची प्रमाण-चूक ०.८ पेक्षा कमी नाही. म्हणजे चूकच फरकाच्या जवळपास दुप्पट. इंग्लंडच्या ४४ आणि न्यूझीलंडच्या ४३ बद्दल तर बोलायलाच नको. एवढ्या सामन्यांवरून वरचे पाच आणि खालचे चार यांमधली दरी बऱ्यापैकी दिसते, पण पहिला कोण हे ठासून सांगता येत नाही. अधिकृत टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंत छापली जाते, त्यात ही अनिश्चितता कुठेच दिसत नाही. भारत आणि पाकिस्तान २००७ नंतर एकमेकांशी कसोटी खेळलेले नाहीत, तरी मॉडेल भारताला ७२ टक्के संधी देऊन मोकळं होतं. गप्पांना विषय म्हणून ठीक. पैज लावण्याआधी त्यातली चूक मोजून घ्यावी.

लॉर्ड्सवरच्या अंतिम सामन्याआधी हेच मॉडेल आफ्रिकेला ३९ टक्के संधी देत होतं. जून २०२५ मध्ये एडन मार्करमच्या १३६ धावांवर आफ्रिकेने तो पाच गडी राखून जिंकला. ३९ टक्क्यांची गोष्ट घडली म्हणून मॉडेल खोटं ठरत नाही. पण हा सामना सत्तरावा म्हणून हिशेबात घातला तर काय होतं ते बघण्यासारखं आहे. दोघांमधला तो पहिलाच थेट दुवा. आफ्रिकेचं बळ ६५ वरून एकदम ९५ च्या आसपास जातं. ऑस्ट्रेलिया १०० वर, अजूनही किंचित पुढे, आणि गदा टेम्बा बवुमाच्या हातात.